स्टॉप १९८ चा, विक्री १९४ ला: मधले चार रुपये गेले कुठे?

*एका छोट्या कंपनीचे १२०० शेअर मी २१२ रुपयांना घेतले. कंपनी चांगली वाटते, तीन-चार वर्षं ठेवायचा विचार होता. खबरदारी म्हणून, भाव १९८ पर्यंत पडला तर शेअर आपोआप विकले जावेत यासाठी, रोज सकाळी १९८ चा स्टॉप लॉस लावून मी शाळेत जायचे. गेल्या आठवड्यात पावणेबाराच्या सुमारास तो लागला, पण सरासरी भाव मिळाला १९३.९५. ठरवलं होतं त्याहून ४,८५७ रुपये जास्त गेले. वर त्याच दिवशी शेअर २०१ ला बंद झाला! माझ्या दिराकडेही हाच शेअर, स्टॉपही १९८ चाच. त्याचे दुपारी विकले गेले आणि त्याला बरोबर १९८ मिळाले. माझी ऑर्डर ‘एसएल-एम’ होती, त्याची ‘एसएल’, ट्रिगर आणि लिमिट दोन्ही १९८. घरात सगळे म्हणतात, ब्रोकरने मधल्या मध्ये पैसे खाल्ले. माझी फसवणूक झाली का? आणि यापुढे दिरासारखीच ऑर्डर लावावी का? ट्रेडबुकचा फोटो सोबत जोडला आहे.*
*— एक शिक्षिका, सातारा जिल्हा*

ताई, फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. घरातला वाद त्या फोटोवरच मिटण्यासारखा आहे. तुमचे १२०० शेअर एका सौद्यात विकले गेलेले नाहीत. सहा सौदे झालेत आणि सहाही एकाच सेकंदातले आहेत:

१९७.६० ला ८०
१९७.२० ला १५०
१९६.५० ला १२०
१९५.०० ला ३००
१९३.१० ला २५०
१९०.०० ला ३००

या सगळ्याची बेरीज २,३२,७४३ रुपये होते. त्याला १२०० ने भागलं की तुमचे १९३.९५ येतात. ब्रोकरला मधे हात घालायचा असता तर भाव असे पायरी-पायरीने उतरत गेलेले दिसले नसते. त्या क्षणी खरेदीला उभ्या असलेल्या लोकांची ही रांग आहे. तुमच्या ऑर्डरने ती वरून खालपर्यंत उचलली. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तरीही खात्री करायची असेल तर शेवटी त्याचा मार्ग सांगते.

पण १९८ ला एकही शेअर का गेला नाही, हे विचारायला हवं. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि बहुतेक सगळेच ती धरतात: शेअरला एक भाव असतो, आणि तो १९८ झाला की आपल्याला १९८ मिळायला हवेत. स्क्रीनवर ठळक अक्षरात दिसणारा तो आकडा शेवटच्या सौद्याचा असतो. तो सौदा होऊन गेलेला असतो. पुढचा सौदा कितीला होईल हे त्यावर ठरत नाही, रांगेत कोण उभं आहे त्यावर ठरतं. त्या आकड्याच्या खाली ‘मार्केट डेप्थ’ असते. तिच्या डाव्या बाजूला घेणाऱ्यांचे पाच सर्वांत चांगले भाव असतात, उजव्या बाजूला विकणाऱ्यांचे पाच, आणि प्रत्येक भावासमोर शेअरची संख्या. एक्सचेंजचा संगणक आधी भाव पाहतो. भाव सारखा असेल तर जो आधी आला त्याला आधी देतो. एवढ्या दोन नियमांवर सगळा बाजार चालतो.

या रांगेपुढे तुम्ही दोनच प्रकारे उभ्या राहू शकता. मार्केट ऑर्डर म्हणजे ‘आत्ता विका, मिळेल त्या भावाला’. समोर खरेदीदार असेपर्यंत ती खाली खाली जात राहते. लिमिट ऑर्डर म्हणजे ‘या भावाच्या खाली विकायचं नाही’. खरेदीत अर्थातच उलट, ‘याच्या वर घ्यायचं नाही’. पहिलीत विक्रीची जवळजवळ खात्री असते पण भावाची नाही. दुसरीत भावाची खात्री असते पण विक्रीची नाही. दोन्ही खात्र्या एकदम देणारी ऑर्डर कुठल्याच ब्रोकरकडे नाही.

इथे लिमिटबद्दलचा एक गैरसमज दूर करून पुढे जाऊ, कारण पुढच्या हिशेबात तो लागणार आहे. १९४ ची लिमिट लावली म्हणजे १९४ लाच विकलं जाईल, असं नाही. समोर १९७.६० चा खरेदीदार उभा असेल तर तुम्हाला १९७.६० च मिळतात. लिमिट हा तळ आहे. त्याच्या वर जे जे उपलब्ध असेल ते आधी तुमच्या पदरात पडतं.

मग स्टॉप लॉस हा तिसरा प्रकार नाही का? खरं तर नाही. स्टॉप हे बटण आहे. भाव ट्रिगरला पोचेपर्यंत तुमची ऑर्डर एक्सचेंजकडे बाजूला पडून असते, रांगेत नसते. ट्रिगरच्या भावाला किंवा त्याच्या खाली सौदा झाला की बटण दाबलं जातं आणि त्यातून एक साधी ऑर्डर बाहेर पडते. एसएल-एम असेल तर मार्केट ऑर्डर, एसएल असेल तर लिमिट ऑर्डर. पुढे जे काही होतं ते त्या साध्या ऑर्डरच्या स्वभावाप्रमाणे होतं. १९८ हा तुमचा विक्रीचा भाव कधीच नव्हता, ती बटणाची जागा होती.

त्यातली गंमत पाहा. तुमचं बटण दाबलं गेलं ते कोणीतरी १९८ ला विकल्यामुळे. म्हणजे १९८ ला एक खरेदीदार होता आणि तो त्या सौद्यात संपला. जो सौदा तुमची ऑर्डर जागी करतो, तोच बहुतेक वेळा त्या भावाचा उरलासुरला खरेदीदार घेऊन जातो. तुमची मार्केट ऑर्डर रांगेत आली तेव्हा पुढचा माणूस १९७.६० ला उभा होता, आणि त्याला हवे होते जेमतेम ८०. ठरवलेला भाव आणि हाती आलेला भाव यांतलं हे अंतर म्हणजे स्लिपेज. तुमच्या बाबतीत ते शेअरमागे ४ रुपये ५ पैसे पडलं. २१२ वरून १९८ पर्यंत १६,८०० रुपये जाणार हे तुम्ही मनाशी धरलं होतं, प्रत्यक्षात २१,६५७ गेले.

आता दीर. त्यांना १९८ मिळाले हे खरं, पण ते कसे मिळाले हे पाहिल्याशिवाय त्यांच्या वाटेने जाऊ नका. त्यांचंही बटण तुमच्याच क्षणी दाबलं गेलं. त्यातून १९८ ची लिमिट ऑर्डर निघाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. समोर १९७.६० चा खरेदीदार होता, पण लिमिट १९८ ची, त्यामुळे सौदा झाला नाही. भाव १९० पर्यंत खाली गेला, त्या सगळ्या वेळात त्यांचे शेअर त्यांच्याकडेच होते. दुपारी भाव वर आला, १९८ ला घेणारा कोणी आला आणि रांगेत थांबलेली त्यांची ऑर्डर भरली गेली.

म्हणजे ज्या संरक्षणासाठी त्यांनी स्टॉप लावला होता, ते संरक्षण त्या दोन-एक तासांत त्यांच्याकडे नव्हतंच. भाव परत आला म्हणून ती ऑर्डर शहाणी ठरली. कंपनीची एखादी वाईट बातमी आली असती आणि शेअर १९० वरून १७५ ला, दुसऱ्या दिवशी १६० ला गेला असता, तर ते आजही शेअर धरून बसले असते आणि पत्र तुमच्याऐवजी त्यांनी लिहिलं असतं. ट्रिगर आणि लिमिट एकच ठेवणं ही फार नेहमीची चूक आहे. ज्या दिवशी बाजार सावकाश, टप्प्याटप्प्याने उतरतो त्या दिवशी ती खपून जाते. स्टॉपची खरी गरज ज्या दिवशी असते, नेमक्या त्याच दिवशी ती ऑर्डर मागे राहते.

एका दिवसाचा निकाल पाहून ऑर्डरचा प्रकार निवडू नये तो यासाठी. तुमच्या ऑर्डरने तुम्हाला बाहेर काढायचं काम केलं, महागात केलं. त्यांच्या ऑर्डरने भाव राखला, पण काम केलं नाही. नशिबाने नंतर झालं.

मधली वाट आहे: एसएल ऑर्डरच लावायची, पण लिमिट ट्रिगरच्या खाली ठेवायची. समजा ट्रिगर १९८ आणि लिमिट १९४. तुमच्याच त्या सहा ओळींवर ही ऑर्डर चालवून बघू. १९७.६० चे ८०, १९७.२० चे १५०, १९६.५० चे १२० आणि १९५ चे ३०० असे ६५० शेअर त्याच सेकंदाला गेले असते. त्यांचे १,२७,४६८ रुपये आले असते, म्हणजे सरासरी १९६.१०. पुढचा खरेदीदार १९३.१० चा, तो तुमच्या तळाच्या खाली. तिथे ऑर्डर थांबली असती आणि उरलेले ५५० शेअर १९४ ला विक्रीसाठी रांगेत लागले असते. त्या दिवशी भाव वर आला, तेव्हा तेही १९४ ला गेले असते आणि एकूण सरासरी १९५.१४ पडली असती. प्रत्यक्षापेक्षा १,४२५ रुपये जास्त हाती आले असते.

पण हा हिशेबही भाव परत आला त्या दिवसाचा आहे. भाव परत आला नसता तर ६५० विकलेले आणि ५५० गळ्यात, अशी अर्धवट अवस्था झाली असती. अशा वेळी काय करायचं ते आधी ठरवलेलं असावं लागतं. बटण दाबलं गेल्याचा संदेश फोनवर आला की ऑर्डर पूर्ण भरली की अर्धी, हे पाहायचं. अर्धी असेल तर उरलेल्याची लिमिट खाली आणायची की थांबायचं, हा निर्णय तुमचा. शाळेच्या तासात फोन बघता येत नसेल तर लिमिट आणखी खाली ठेवावी, १९० किंवा १८९ ला. तेव्हा ती वागायला जवळपास एसएल-एमसारखीच होते, फक्त अगदी तळ सुटलेल्या भावाला विकण्यापासून वाचवते. (सॉफ्टवेअर ही ऑर्डर घेताना विक्रीसाठी ट्रिगर लिमिटपेक्षा वर किंवा तेवढाच मागतं. उलटं टाकलंत तर ऑर्डर नाकारली जाते. खरेदीच्या स्टॉपमध्ये ट्रिगर खाली, लिमिट वर.)

ट्रिगर आणि लिमिट यांत अंतर किती ठेवायचं, याचे टक्के मी देणार नाही, कारण ते शेअरगणिक बदलतात. पण ते काढायची पद्धत सोपी आहे. तीन-चार दिवस, वेगवेगळ्या वेळी, तुमच्या शेअरची मार्केट डेप्थ उघडा. डाव्या बाजूच्या पाच ओळींतल्या संख्या वरून बेरीज करत खाली या आणि तुमची संख्या कोणत्या भावाला पुरी होते ते बघा. तुमच्या प्रसंगात पाच ओळींची बेरीज होती ९००. तुमच्याकडे होते १२००. म्हणजे दिसणारी सगळी रांग उचलूनही ३०० शेअर उरणार होते आणि ते कुठल्या भावाला जातील हे स्क्रीनवर दिसतच नव्हतं. ते १९० ला गेले. तुमची संख्या पाच ओळींच्या बेरजेपेक्षा जास्त असेल तर मार्केट ऑर्डरचं बटण दाबण्यापूर्वीच समजावं की स्लिपेज होणार. पाच ओळींच्या खाली ‘एकूण खरेदी’ म्हणून एक भलामोठा आकडा दिसतो, त्याने मात्र हुरळून जाऊ नका. त्यात कुठेतरी १७५ ला, १८० ला ‘मिळाले तर मिळाले’ म्हणून ऑर्डर टाकून बसलेलेही मोजलेले असतात.

शेअर एनएसई आणि बीएसई दोन्हीकडे असेल तर दोन्हीकडची डेप्थ पाहावी. छोट्या कंपन्यांत एकीकडे गर्दी आणि दुसरीकडे शुकशुकाट असं सर्रास असतं. शिवाय बीएसईने ऑक्टोबर २०२३ पासून एसएल-एम ऑर्डर घेणं बंद केलं आहे, तिथे लिमिटवाला स्टॉपच लावावा लागतो. एनएसईनेही ऑप्शनसाठी एसएल-एम २०२१ मध्येच बंद केली. रिकाम्या रांगेत मार्केट ऑर्डर सुटल्या की भाव एका क्षणात भलतीकडे जाऊन परत येतो, असे प्रकार ऑप्शनमध्ये झाले होते. काही ब्रोकर आता मार्केट ऑर्डरलाही स्वतःची एक मर्यादा जोडतात. तसं असेल तर तुमची ‘मार्केट’ ऑर्डरसुद्धा अर्धवट राहू शकते. तुमच्या ब्रोकरकडे काय पद्धत आहे ते एकदा विचारून घ्या.

ही फक्त छोट्या शेअरची आणि छोट्या माणसाची गोष्ट नाही, हेही जाता जाता सांगते. ५ ऑक्टोबर २०१२ ला एका ब्रोकरच्या टेबलावरून चुकून ५९ ऑर्डर गेल्या, सुमारे ६५० कोटी रुपयांच्या विक्रीच्या. निफ्टीतल्या नामवंत कंपन्यांच्या खरेदीच्या रांगा काही क्षणांत उचलल्या गेल्या. निफ्टी पंधरा टक्क्यांहून जास्त खाली गेला आणि व्यवहार काही काळ थांबवावे लागले. रांगेपेक्षा ऑर्डर मोठी झाली की हेच होतं, कंपनी कोणतीही असो.

तुमचं स्लिपेज हे संख्येमुळे झालेलं. दुसरं एक असतं, त्यात तुमच्याकडे दहाच शेअर असले तरी सुटका नसते. ते रात्रीतून होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या आयात शुल्काच्या घोषणेनंतर जगभरचे बाजार कोसळले, ते आठवत असेल. निफ्टी शुक्रवारी, ४ तारखेला, २२,९०४ च्या आसपास बंद झाला आणि सोमवारी, ७ तारखेला, उघडला तोच २१,७५८ च्या जवळ, पाच टक्के खाली. मधल्या भावांना सौदे झालेच नाहीत. कोणाचा स्टॉप शुक्रवारच्या भावाच्या दोन टक्के खाली असेल, तर त्याचं बटण सोमवारी सव्वानऊला दाबलं गेलं, पण तोवर भाव तिथून बराच खाली होता. मार्केट स्टॉपवाल्याला उघडणारा भाव मिळाला. लिमिटवाल्याची ऑर्डर वर लटकली. आणि त्या दिवशी निफ्टी पुढे सावरून २२,१६१ ला बंद झाला, म्हणजे ज्यांच्या ऑर्डर उघडताक्षणी सुटल्या त्यांनी दिवसाच्या सर्वांत वाईट वेळेला विकलं.

या बाबतीत रोज सकाळी ऑर्डर लावण्याच्या तुमच्या सवयीचा फायदा आहे. एक्सचेंजकडची स्टॉप ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, संध्याकाळी रद्द होते, म्हणून तुम्हाला ती रोज लावावी लागते. सकाळी नऊ वाजता प्री-ओपन, म्हणजे बाजार उघडण्याआधीचं छोटं सत्र, सुरू होतं. त्यात स्टॉप ऑर्डर घेतल्या जात नाहीत, पण शेअर कितीला उघडू शकतो याचा अंदाज स्क्रीनवर दिसू लागतो. नऊ वाजून आठ-दहा मिनिटांनी तो उघडण्याचा भाव जवळजवळ ठरलेला असतो. तो तुमच्या ट्रिगरच्या खाली असेल तर डोळे झाकून जुनीच ऑर्डर टाकू नका. ब्रोकरने ती नाकारली नाही तर टाकल्याबरोबर बटण दाबलं जाईल, तेही दिवसाच्या सर्वांत गोंधळाच्या पंधरा मिनिटांत, जेव्हा घेणाऱ्या आणि विकणाऱ्यांच्या भावांत अंतर जास्त असतं.

रोजची कटकट नको म्हणून बरेच जण ब्रोकरची जीटीटी सोय वापरतात. ती वर्षभर टिकते, पण तिचं बटण ब्रोकरच्या संगणकावर असतं, आणि दाबलं गेल्यावर एक्सचेंजकडे साधारणपणे लिमिट ऑर्डर जाते. त्यामुळे दिरांची अडचण तिलाही तशीच लागू आहे. ट्रिगर आणि लिमिट एकच ठेवून वर्षभर निर्धास्त राहणारे लोक मी पाहिलेत. आणि शेअरला लोअर सर्किट लागलं, म्हणजे त्या दिवसापुरती ठरलेली घसरणीची मर्यादा गाठली गेली, तर यातलं काहीच चालत नाही. तिथे फक्त विकणाऱ्यांची रांग असते, मार्केट ऑर्डरही त्या रांगेतच उभी राहते.

पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण भाव १९० ला जाऊन परत २०१ ला आला की पुढची शंका हमखास येते: ‘ऑपरेटरने माझा स्टॉप बघून भाव पाडला.’ स्टॉप ऑर्डर ट्रिगर होईपर्यंत मार्केट डेप्थमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे तुमचा १९८ कोणी वाचलेला नाही. पण न वाचताही ओळखता येतो. दोनशेच्या जरा खाली, आधीच्या तळाच्या जरा खाली, अशाच जागी सगळे स्टॉप लावतात. तिथे भाव पोचला की एकाचा स्टॉप दुसऱ्याचा स्टॉप पाडतो. तुमचे १२०० शेअर १९० पर्यंत खाली गेले, तेव्हा १९५ चा, १९३ चा स्टॉप लावलेल्यांची बटणं तुमच्याच ऑर्डरने दाबली असतील. त्या दिवशीच्या पडझडीत थोडा वाटा तुमचाही आहे, रागावू नका.

आता तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. ‘तीन-चार वर्षं ठेवायचा विचार होता.’ मग २१२ च्या शेअरला १९८ चा स्टॉप कशासाठी? हे अंतर साडेसहा टक्क्यांचं आहे. ज्या शेअरच्या पहिल्या ओळीत ८० नग उभे असतात, तो कुठलीही बातमी नसताना आठवड्याभरात इतका हलू शकतो. तीन वर्षांच्या विचाराला तीन दिवसांचं बटण जोडलं की विचार कितीही बरोबर असला तरी बटण आधी दाबलं जातं. चार-पाच दिवसांत शेअर विकून मोकळं होणाऱ्या माणसाला स्टॉप हवाच, त्याचा सगळा हिशेब त्यावर असतो. तुम्ही स्वतःला विचारा: १९८ झाल्यावर कंपनीबद्दलचं तुमचं मत बदलणार होतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर स्टॉप लॉसऐवजी भावाचा अलर्ट पुरेसा होता. अलर्ट आला की शाळा सुटल्यावर किंवा संध्याकाळी शांतपणे बातम्या बघायच्या, कंपनीने एक्सचेंजला काही कळवलंय का ते बघायचं, आणि विकायचंच ठरलं तर दुसऱ्या दिवशी दोनशे-दोनशेच्या तुकड्यांत लिमिट लावून विकायचं. पहिला तुकडा गेला की रांग पुन्हा भरायला थोडा वेळ द्यायचा. यात भाव आणखी खाली जाण्याचा धोका आहे, तो मी लपवत नाही. पण तो धोका डोळ्यांसमोर असतो.

उत्तर ‘हो’ असेल, म्हणजे १४ रुपयांपेक्षा जास्त तोटा तुम्हाला खरंच झेपणार नव्हता, तर प्रश्न ऑर्डरच्या प्रकाराचा नाहीच, १२०० या संख्येचा आहे. ४०० शेअर असते तर त्याच सेकंदाला, त्याच एसएल-एमने काय झालं असतं? ८०, १५०, १२० आणि १९५ च्या ओळीतले ५०. सरासरी १९६.८० च्या जवळ. स्लिपेज शेअरमागे चार रुपयांऐवजी सव्वा रुपया. ऑर्डरचे प्रकार बदलून तुम्ही जेवढं वाचवू शकला असता, त्याहून जास्त संख्या कमी ठेवून वाचलं असतं. छोट्या कंपनीत किती शेअर घ्यायचे, हे खिशात पैसे किती यावरून ठरवण्याआधी डाव्या बाजूची ती रांग बघा. घेताना उजवी बाजू तशीच मोजा. खरेदीला सहसा घाई नसते, तेव्हा तिथे मार्केट ऑर्डर वापरायला मला तरी कारण दिसत नाही. तुमचे २१२ हेही सरासरीच असतील, तर त्या दिवशीचं ट्रेडबुक काढून बघा. जातानाचं स्लिपेज सगळ्यांना खुपतं, येतानाचं कोणी मोजत नाही.

मोठ्या, रोज लाखो शेअरची उलाढाल होणाऱ्या कंपनीत मात्र यातली बरीचशी काळजी सोडून द्या. तिथे पहिल्या एक-दोन ओळींतच हजारो शेअर असतात. १२०० ची मार्केट ऑर्डर पाच-दहा पैशांत भरली जाते. रात्रीतून येणारी दरी तेवढी राहते.

राहिला घरच्यांचा प्रश्न. ब्रोकरने पाठवलेली काँट्रॅक्ट नोट काढा. तिच्यात प्रत्येक सौद्याचा क्रमांक, वेळ, संख्या आणि भाव असतो. काही नोटांमध्ये वर फक्त सरासरी भाव छापतात आणि तपशील खालच्या जोडपत्रात असतो, तो शोधा. ते सहा सौदे ट्रेडबुकशी जुळवा. एनएसईच्या वेबसाइटवर सौदे पडताळून पाहायची सोय आहे, तिथे सौदा क्रमांक टाकून तो खरंच त्या भावाला झाला का ते दिसतं. ही सोय सौद्यानंतर थोडेच दिवस उपलब्ध असते, तेव्हा हे याच आठवड्यात करा. जुळलं नाही, तर आधी ब्रोकरकडे लेखी तक्रार, आणि तिथे उत्तर मिळालं नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर. माझ्या अंदाजाने सहाही जुळतील. त्याच टेबलावर दिरांचीही नोट ठेवा आणि त्यांच्या सौद्याची वेळ तुमच्या वेळेशेजारी लिहा.